विरुद्ध जाणारी गोष्ट

वसराम राठोड मुलीची टीसी काढायला कळमनुरीच्या कॉलेजात आला, तेव्हा क्लार्क जेवायला गेला होता. अर्जावर आधी विभागप्रमुखाची सही लागते, असं शिपायानं सांगितलं. म्हणून तो अर्जाची घडी खिशात घालून सरळ तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिरला. शिकवणारे महेबूब सरच विभागप्रमुख; त्यांनी तो कशाला आला हे विचारलंच नाही. पटावर सात, हजर पाच, जागे तीन, असा तो वर्ग. तिथं एका पोरीचा बाप आपणहून येऊन बसतोय म्हटल्यावर सरांचा आवाज आपोआप चढला. पहिल्या बाकावरच्या मिनानं मागं वळून बापाकडं पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

फळ्यावर लिहिलं होतं: देव माणसावर प्रेम करतो.

या वाक्याला अर्थ आहे का, हा आजचा धडा. सरांनी पहिला पक्ष मांडला. वाक्य एक तर शब्दांच्या अर्थावरूनच खरं ठरावं, नाही तर अनुभवानं तपासता यावं; निदान कसं तपासायचं ते सांगता यावं. चुलता म्हणजे बापाचा भाऊ, हे बघायला कुठं जावं लागत नाही. कयाधू नदीला पाणी आहे, हे पुलावर जाऊन बघता येतं. देवाचं वाक्य यातल्या एकाही खणात बसत नाही. म्हणून ते खोटं नाही, निरर्थक आहे. आणि मग ‘देव नाही’ हेही तेवढंच निरर्थक. नास्तिकानंही पेढे वाटू नयेत, असं म्हणून सर स्वतःच हसले. शिवाय ही कसोटी तिच्याच मापानं मोजली तर तीही दोन्ही खणांच्या बाहेर पडते.

दुसरा पक्ष जास्त खवचट. तो एवढंच विचारतो, की काय घडलं तर तुम्ही हे वाक्य मागं घ्याल? लेकरू कावीळ होऊन गेलं. तरी देवाचं प्रेम आहेच, पण ते आपल्याला कळत नाही. दुसरंही गेलं. प्रेम आहेच, पण ही परीक्षा आहे. दर वेळी एक ‘पण’ जोडत गेलं, की शेवटी कशानंही खोटं न ठरणारं वाक्य हातात राहतं. जे काहीच नाकारत नाही, ते काहीच सांगत नाही. यावर श्रद्धावानाचं उत्तर असं, की दुःख विरुद्ध जातं हे मला कबूल आहे, ते मला टोचतं; पण ज्याच्यावर विश्वास टाकला त्याचा निकाल मी एवढ्यात लावत नाही. या उत्तराला वजन आहे, सर म्हणाले, कारण ते टोचणं लपवत नाही.

तिसरी वाट शब्दांची. बैल शहाणा आणि मास्तर शहाणा, यातलं शहाणपण एकच नाही आणि अगदीच वेगळंही नाही. ज्याच्या त्याच्या जातकुळीप्रमाणं ते असतं. हवा निरोगी म्हणतो, ती हवेला ताप येत नाही म्हणून नाही. ती माणसाला निरोगी ठेवते म्हणून. देवाचं प्रेम असंच साम्यानं समजायचं. दोरीचं आपल्याकडचं टोक हातात धरायचं आणि वर बघायचं. वरचं टोक नेमकं कसं आहे ते दिसत नाही. पण आपलं टोक तरी खरं पाहिजे.

“आता हेच बघा ना,” सर मागच्या बाकाकडं हात करून म्हणाले, “हे मिनाचे वडील. प्रेम म्हणजे काय ते यांच्याकडून शिकायचं. काका, काय घडलं तर तुम्ही म्हणाल, की माझं पोरीवर प्रेम न्हाई?”

वसराम उभा राहिला. त्यानं नीट विचार केला.

“असं काहीच न्हाई, सर. मी काही बी केलं तरी ते तिच्या भल्यासाठीच असतंय.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरही “वा” म्हणाले. मिनानं टाळी वाजवली नाही. तिनं पेन उचललं आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

तास संपल्यावर वसरामनं अर्जाची घडी उलगडून सरांपुढं ठेवली. साखरा गावाकडचं स्थळ होतं, लग्न आठ दिवसांवर आलं होतं. बंजारा तांड्याच्या नायकासमोर शब्द दिला होता, आणि तिथं दिलेला शब्द परत घ्यायची रीत नाही. सोयऱ्यांना शिकती पोरगी नको होती. नाव कमी केल्याचा कागद त्यांना आधी बघायचा होता. बीएची शेवटची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. तेवढी होऊ द्या, असं सर दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा जरा हळू. दरसाल या विषयाला दोन-तीन पोरं याच तांड्यावरून येत. तांड्याशी वाकडं झालं तर पट चारवर येईल आणि पट चारवर आला की विषय बंद, हा हिशोब सरांच्या डोक्यात सही करायच्या आधी पुरा झाला.

त्यांनी सही केली. वसराम क्लार्कला शोधायला बाहेर गेला. मिना टेबलापाशी तशीच उभी होती.

“हा घरचा मामला आहे, मिना. त्यांची माया आहे तुझ्यावर.”

“सर,” मिनानं वही उघडी करून टेबलावर ठेवली, “आत्ता जे बापू बोलले ते मी पेपरात लिहिलं असतं, तर तुमी किती मार्क दिले असते?”

सरांनी वाक्य वाचलं. त्याच्या खाली मिनानं आणखी एक ओळ लिहिली होती: ‘वा.’ आणि पुढं सरांचं नाव.