शुभेच्छा, ढब्बूला

फुलांची चार चित्रं.

ऑक्सिजन किती? अठ्ठ्याऐंशी.

उद्या सकाळी नऊला पहिली चाचणी. गैरहजर राहिलं, तर कॉलेजातली जागा रद्द.

“त्याला सांगाल, तर माझं तोंड बघू नका.”

शेवटचं वाक्य मावशीचं. अतिदक्षता विभागात नेताना तिने भाचीला, म्हणजे ताईला, आणि दिराला, म्हणजे काकांना, बजावलं होतं. ढब्बू तिचा एकुलता एक. नव्या शहरात जाऊन त्याला जेमतेम तीन आठवडे झालेले.

आज सण. दर सणाला ताईचा मेसेज त्याला सकाळीच जायचा. आज अकरा वाजले, तरी ती बाहेरच्या बाकावर नुसता फोन धरून बसली होती.

“पाठव की. संशय येईल त्याला,” काका म्हणाले.

‘सणाच्या हार्दिक शुभेच्छा.’ पुसलं. ताई हार्दिक वगैरे म्हणाली, तर पोरगं तिकीटच काढेल.

‘काळजी करू नकोस.’ पुसलं. कसली काळजी, असं विचारेल.

“घरी सगळे मजेत, असं लिही,” काका म्हणाले.

“न विचारता सांगितलं, की खोटं वाटतं, काका.”

“मग लिही काय वाटेल ते! माझं डोकं चालत नाहीये.”

शेवटी तिने लिहिलं: ‘ढब्बूशेठ, सणाच्या शुभेच्छा! मेसचं जेवण खाऊन बारीक झालास, तर ओळखणार कसं तुला? उद्याच्या चाचणीत आभाळ कोसळत नाही. येतं ते लिही, येत नाही ते जास्त सुवाच्य लिही. आणि खोलीचा फोटो पाठव.’

फुलं चिकटवली. नेहमीची चारच. पाठवलं.

एक टिक. दहा मिनिटं, वीस मिनिटं, एकच टिक.

“रेंज नसेल,” ताई म्हणाली.

“कॉलेजात रेंज नसते?”

नर्स दार उघडून डोकावली. “पेशंट आता शांत आहेत. रात्रभर तगमग होती, सकाळपासून एकदम गप झोपल्यात. डॉक्टर म्हणतात, आजची रात्र महत्त्वाची.”

काकांनी भिंतीला डोकं टेकलं.

बाराला दोन टिका. मग निळ्या. ‘टाइप करत आहे’ आलं, गेलं, पुन्हा आलं.

‘ताई, तुलापण! जाम मजा आहे इथे. रूमवरचा भिडू असा घोरतो, की भिंतीही कूस बदलतात. फोटो नंतर, पसारा आहे. चाचणी देतोय उद्या, नक्की. आईला सांग, वेळेवर जेवतो. आणि काकांना जेवायला घाल.’

काकांनी दोनदा वाचलं आणि रुमाल तोंडावर धरला. “सुटलो गं. काही कळलं नाही त्याला.”

“नाही कळलं,” ताई म्हणाली.

त्या सकाळी सव्वासहाला, ताई आणि काका चहाला गेलेले असताना, अतिदक्षता विभागाच्या भेटीच्या वहीत ढब्बूने सही केली होती. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं: मुलगा.