ओल्या पांढऱ्यावरचं चित्र

"हात लावू नका. नुसतं बघा!" योगिनीनं दरडावलं, तशी दुसऱ्या वर्षाची पोरं चित्रापासून हातभर मागं सरकली.

डोंबिवलीतल्या त्या कला महाविद्यालयाच्या हॉलमध्ये चित्र अजून खुर्चीवरच टेकवलेलं होतं. शहाडजवळचा उल्हास नदीचा काठ. खाली नाव वल्लरीचं. वल्लरी म्हणजे शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. येत्या सोमवारी हे चित्र हॉलच्या समोरच्या भिंतीवर कायमचं लागणार होतं. आणि त्या भिंतीवर बारा वर्षं कुणाचं चित्र होतं? योगिनीचं! ते आता उतरवणार. तिचा नुसता जळफळाट होत होता, आणि वर त्याच चित्रापुढं उभं राहून तिलाच शिकवायचं होतं.

"अठराशे अठ्ठेचाळीस, लंडन," ती म्हणाली. "सात तरुण, जवळजवळ तुमच्याच वयाचे. अकादमीत त्यांना शिकवायचे, जुन्या इटालियन राफेलच्या वळणानं काढा. उजेड मधोमध, बाकी सगळं तपकिरी सावलीत बुडवा. हे म्हणाले, आम्ही राफेलच्या आधीच्या चित्रकारांकडे जाणार. दिसेल तसं काढणार, पानाची शीरसुद्धा सोडणार नाही. म्हणून ते प्री-राफेलाइट."

"पण मॅडम, रंग एवढे चमकतात कसे?" एकीनं विचारलं.

"कॅनव्हासवर आधी पांढरा थर. तो वाळला की रेखाटन. मग आज जेवढं रंगवायचं, तेवढ्याच तुकड्यावर पुन्हा पातळ ओला पांढरा. तो ओला असतानाच बारीक ब्रशनं पारदर्शक रंग, अगदी अलगद. ब्रश जरा दाबलास की खालचा पांढरा वर येतो आणि रंग खडूसारखा फिका पडतो. मग खरवड आणि परत कर! उजेड रंगातून आत जातो, पांढऱ्यावरून परततो, म्हणून ती चमक."

"बापरे! मग दिवसात होणार किती?"

"तळहाताएवढं झालं तरी खूप. आणि हे स्टुडिओत नाही हं, नदीकाठी बसून. महिनोन्‌महिने. माणसाची जागा कोरी ठेवायची, माणूस मागाहून घरात काढायचा. म्हणून तर कधी कधी एकाच काठावर निरनिराळ्या ऋतूंतली फुलं..."

योगिनी मध्येच थांबली. समोरच्या चित्रात पाण्याशी श्रावणातला तेरडा होता. वर दिवाळीच्या सुमाराचा कुर्डू. आणि पलीकडे पळस पेटलेला, म्हणजे फेब्रुवारी. ऑगस्ट ते फेब्रुवारी. कुणीतरी सात महिने तिथं ठाण मांडून बसलं होतं.

संध्याकाळी माजिवड्याच्या घरी तिनं नवऱ्याजवळ विषय काढला. विनीत कला महाविद्यालयात तिच्याच वर्गात शिकलेला, पण लग्नानंतर त्यानं विमा कंपनीत नोकरी धरली. घरात एक चित्रकार पुरे, असं तोच म्हणायचा.

"चित्र चांगलं आहे गं," तो म्हणाला. "लागू दे ना भिंतीवर."

"तुला कधीपासून त्या पोरीचा एवढा पुळका?"

विनीत उठला. चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेला.

योगिनीच्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. वल्लरी पुस्तकं न्यायला घरी यायची आणि सारखं सर, सर करायची. विनीत गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी मित्राकडे म्हणून शहाडला जात होता. आणि चित्रही शहाडचंच! तिच्या अंगाची लाही लाही झाली. बावीस वर्षांच्या पोरीनं भिंतही घ्यायची आणि नवराही?

दुसऱ्या दिवशी तिनं हजेरीपट काढला. सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते पाच, वल्लरीचा वर्षभरात एकही खाडा नव्हता. मग उरला रविवार. रविवारी ती कोपरला लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते, असं कुणीसं म्हणालं. योगिनी थेट कोपरला गेली. वर्ग चालवणाऱ्या विमलाबाई म्हणाल्या, "अहो, सोन्यासारखी पोर! दोन वर्षांत एक रविवार चुकवला नाही. सकाळी आठला येते, संध्याकाळी सहाला जाते."

योगिनीला हायसं वाटलं. म्हणजे विनीतबरोबर ती नव्हतीच! पण मग नदीवरही नव्हती. परतताना तिला रिक्षात हसूच आवरेना. तिनं पुढचा काही विचारच केला नाही.

सोमवारी भिंत रिकामी केलेली होती. प्राचार्य धनेश सर, चित्र निवडणाऱ्या समितीची माणसं, मुलं, सगळी जमली होती. योगिनी पुढं झाली.

"सर, चित्र लावायच्या आधी एक विचारायचंय. हे चित्र फोटोवरून केलेलं नाही. उन्हाचा रंग तुकड्यातुकड्याला वेगळा आहे, तेरडा आणि पळस दोन्ही प्रत्यक्ष बघून काढलेत. हे करायला सात महिने नदीवर बसावं लागतं, तेही दिवसाउजेडी. वल्लरी, आठवडाभर तू कॉलेजात. रविवारी दिवसभर कोपरला. मग तू बसलीस केव्हा?"

धनेश सरांनी चष्मा काढला. "वल्लरी? मॅडम काय विचारतायत?"

वल्लरीचे डोळे भरून आले. "मी नाही काढलं सर. माझी चूक झाली."

"बघा!" योगिनी म्हणाली. आनंदानं तिचा आवाज चिरकला. "मग कुणाचं आहे, ते सांग ना. घाबरू नकोस. असा हात असलेल्या माणसाला जगापुढं आणायलाच हवं. कुणी काढलं?"

वल्लरीनं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं.

"विनीत सरांनी. नाव माझं घालायला त्यांनीच सांगितलं. म्हणाले, 'माझं नाव दिसलं तर तुमच्या मॅडम हे भिंतीला लागू देणार नाहीत.'"