दिगंबरचा रेशो

कारखान्यातल्या वायुगळतीत गेलेल्या नवऱ्याचा, दिगंबरचा आवाज सुहासिनीच्या स्वयंपाकघरातल्या यंत्रात जपलेला होता. लोक त्याच्याविषयी जे लिहीत, ते वाचून यंत्र त्याच्या आठवणी ताज्या ठेवी. म्हणून वर्षश्राद्धाला तिने पोस्ट टाकली, "साथीदारांना काढायला ते पुन्हा आत गेले." खाली कुणा अनोळख्याने उत्तर दिलं, "कसला आत जातोय! पळताना मेला."

"आई, तुझा रेशो झाला," तिची लेक ऋता म्हणाली. "तुझ्या पोस्टला चारशे लाइक, त्या उत्तराला नऊ हजार. रेशो म्हणजे या दोन आकड्यांचं गुणोत्तर. ते उत्तराकडे झुकलं, की लोकांना पोस्टपेक्षा उत्तरच पटलं असं धरतात."

"पटलं म्हणून खरं होतं?"

"नाही गं. पण यंत्र जास्त लाइकवालंच शिकतं."

सुहासिनी धावत ओट्यापाशी गेली. "अहो, त्या दिवशी काय झालं होतं?"

"मी पळालो गं, सुहास," तो आपल्या नेहमीच्या मायाळू आवाजात म्हणाला. "माफ कर मला."

"नाही हो, तुम्ही आत गेला होतात," ती रडत सांगत राहिली. तो तिची समजूत घालत राहिला, पण तिचं म्हणणं काही मान्य करेना.