ओवाळायचं कुणाला

“सुमंत, ताट तिरकं दिसतंय,” चॅनलचे मालक काचेपलीकडून तिसऱ्यांदा म्हणाले.

सुमंतनं स्टँडवरचा कॅमेरा सरळ केला. घड्याळाकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि कॅमेरा पुन्हा हलला. बावीस वर्षांचा हा मुलगा एरवी तासन्‌तास न हलता उभा राहायचा. आज भाऊबीज होती आणि दुपारपासून त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता.

हुबळीच्या केशवापुरातल्या केबल चॅनलची ती एवढीशी खोली. ज्योत हलते म्हणून पंखा बंद. समोर पाटावर ताट, आणि ताटामागं निवृत्त शिक्षिका वत्सला कुलकर्णी. मुलांसाठी अर्धा तास, मराठीतून, थेट. वत्सलाबाईंना घाम पुसायलाही सवड नव्हती.

“हे कुंकू,” त्या सांगू लागल्या. “आधी कपाळाला हे. समोरच्याला मान दिला, असं त्यातनं सांगायचं. या अक्षता. क्षत म्हणजे इजा. अक्षत म्हणजे ज्याला इजा झाली नाही ते. म्हणून तुटके दाणे निवडून काढायचे. ही सुपारी. टणक असते, वर्षानुवर्षं टिकते. आयुष्य तसं असावं. ही सोन्याची अंगठी. सोनं काळं पडत नाही, माया तशी असावी. आणि तुपाचं निरांजन. ते आपण जिवापाड जपतो, तसं ह्या माणसाला जपू. कापूर मात्र देवाच्या आरतीला. जळून मागं काही राहत नाही, मीपणा तसा जावा म्हणून. माणसाला ओवाळताना कापूर घ्यायचा नाही.”

फोन वाजला. विद्यानगरातल्या एका मुलानं विचारलं, ताट कुठल्या बाजूनं फिरवायचं.

“घड्याळाचे काटे फिरतात तसं. आधी सुपारी आणि अंगठी तोंडाभोवती फिरवायची, मग अक्षता डोक्यावर, मग निरांजन.”

फोन परत वाजला. या वेळी मुलगी होती. आवाज अगदी बारीक, कुणी ऐकेल म्हणून दाबलेला.

“बाई, भाऊ घरात नसला तर कुणाला ओवाळायचं?”

“चंद्राला, बाळ. भाऊ नसलेल्या मुली चंद्राला ओवाळतात.”

“मला भाऊ आहे की.”

“मग कुठं आहे?”

“तिथंच. तुमच्यासमोर. कॅमेरा धरून.”

वत्सलाबाईंनी मान वर केली. सुमंतचा चेहरा उतरला होता.

“अण्णानं घरचं दुकान सोडून हे काम धरलं म्हणून अप्पांनी त्याला घरात यायचं नाही म्हणून सांगितलंय,” मुलगी घाईघाईनं म्हणाली. “अप्पा आत्ता मागं अंघोळीला गेलेत. बाई, माझ्याकडनं तुम्ही ओवाळा त्याला. मी सांगते तसं करा.”

काचेपलीकडं मालक हात हलवत होते, पुरे, जाहिरात घ्यायचीय. वत्सलाबाईंनी तिकडं पाठ केली.

“नाव काय तुझं?”

“उत्तरा.”

“सांग, उत्तरा.”

“त्याच्या डोक्यावर काहीतरी घालायला सांगा. उघड्या डोक्यानं नको.”

सुमंतनं खिशातनं रुमाल काढला आणि डोक्यावर ठेवला. वत्सलाबाई ताट घेऊन उठल्या आणि कॅमेऱ्याच्या बाजूनं त्याच्याजवळ गेल्या. घराघरांत टीव्हीवर आता नुसता रिकामा पाट दिसत होता.

“आता कुंकू,” उत्तरा म्हणाली. “लावलं?”

“लावलं.”

“सुपारी आणि अंगठी. तीनदा. मग अक्षता टाका. बाई, तुटके दाणे नाहीत ना त्यात?”

“मी स्वतः निवडलेत.”

“मग निरांजन.”

त्या निरांजनानं ओवाळू लागल्या. उजेड सुमंतच्या तोंडावरून फिरत गेला. त्यानं डोळे मिटून घेतले होते. फोनमधनं उत्तराचा श्वास ऐकू येत होता, आणि मग तिच्यामागं दार वाजलं.

“कुणाशी बोलतेस?” वडिलांचा आवाज.

रिसीव्हर एका हातातनं दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली.

“कोण बोलतंय?”

“मी वत्सला कुलकर्णी. औक्षण चाललंय.”

पलीकडं त्यांच्याच टीव्हीतनं वत्सलाबाईंचे शब्द थोड्या वेळानं परत ऐकू आले. मालकांनी हलवायचा हात खाली केला होता.

“तो तिथं आहे?” अप्पांनी विचारलं.

“समोर उभा आहे.”

“ताटात काय टाकतोय?”

सुमंतनं खिसे चाचपले. किल्ली निघाली, एक पेन निघालं. मग त्यानं मनगटावरचं घड्याळ सोडलं. ते हातात धरून तो नुसता उभा राहिला.

“घड्याळ काढलंय त्यानं,” वत्सलाबाई म्हणाल्या.

“तिथं टाकू नको म्हणावं.” अप्पांचा आवाज खडबडीतच होता. “ओवाळणी बहिणीच्या ताटात घालायची असते. ही पोरगी सकाळपासनं पाट मांडून बसलीय.”

फोन ठेवल्याचा आवाज झाला.

वत्सलाबाईंनी ताट पाटावर नेऊन ठेवलं. कार्यक्रमाची अजून सात मिनिटं होती. त्या तिथनं बाजूला झाल्या.

हुबळीतल्या कितीतरी घरांत त्या संध्याकाळी टीव्हीवर एक ताट दिसत राहिलं. चित्र हलत नव्हतं. निरांजन शांतपणे जळत होतं, आणि कॅमेऱ्यामागं कुणीच नव्हतं.