आबा कुणाच्या स्वप्नात शांत?
स्वप्नात नुकतेच वारलेले आबा शांत दिसले, तर तीन वर्षं न फिरकल्याचा दोष धुऊन निघणार, एवढा रणजितचा सरळ फायदा होता. म्हणून त्याने झोपेत टिपलेल्या आपल्या स्वप्नाची चित्रफीत लावताच त्याच्या बहिणीने, कुमुदताईने, ती स्वप्नं खरी की विकतची हे पारखणाऱ्या तपासनिसापुढे नेली. फितीत आबा कवळी लावून, हसत सुपारी कातरत होते.

“बाराव्याच्या आधीच? विकतचं आहे हे! माझ्या स्वप्नात ते अजून नळ्या ओढतात, धापा टाकतात.”

“खरंच आहे, ताई,” तपासनीस म्हणाला. “ह्यांनी आजारपण पाहिलंच नाही, म्हणून आठवणीतले धडधाकट आबा आले. तुम्ही उशाशी होतात. दुःख निवळेल तसे तुमचेही बरे होऊन येतील.”

“कधी?”

“कुणाला महिने लागतात, कुणाला वर्षं.”

रणजितने मान खाली घातली. बाप दोघांचा होता. झोप मात्र एकटीची गेली.