पंचांग लागत नाही तो दिवस

अडकित्ता सुपारीवर टेकला, तेवढ्यात दमयंती माजघरातून बाहेर आली.

"अण्णा, आज सुपारी फोडू नका."

भिंगारच्या त्या लहानशा ओसरीवर सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. सुपारी फुटली की शब्द गेला, मग मागे फिरणं नाही. म्हणून तर दोन्हीकडची वडीलधारी मंडळी जमली होती. तिच्या वडिलांचा, दत्तोपंतांचा हात तसाच थांबला.

"दमू, आत जा."

"जाते. आधी बोलते." पदर खांद्यावर नीट घेऊन ती सरळ नवऱ्या मुलाकडे, सुमंतकडे वळली. "मला तुम्हाला नाही म्हणायचं नाहीये. पण आज माझी तयारी नाही. दवाखान्यातलं सुईणीचं शिक्षण निम्मं झालंय. लग्न झालेल्या मुलीला ते ठेवून घेत नाहीत. आज तुमच्यासाठी ते सोडलं, तर तो राग मी तुमच्यावरच काढीन. भाजीत मीठ कमी पडलं तरी काढीन. असा राग ओटीत घेऊन मला तुमचा उंबरा ओलांडायचा नाही."

"ऐकलंत का!" सुमंतची आत्या बनूताई गालावर हात ठेवून म्हणाली. "अगं, दोन वर्षं थांबलाय आमचा मुलगा. आधी तो शिकवतो त्या शाळेच्या परीक्षा, मग चुलत्याचं आजारपण, मग ही लढाईची महागाई. एका शब्दानं कुरकुरला नाही. आणि तू ऐन वेळी घाबरलीस?"

"घाबरले असते तर मीही परीक्षा आणि महागाईच सांगितली असती, आत्याबाई."

"जीभ बघा हिची!"

"दमू!" दत्तोपंतांच्या कपाळावरची शीर उठली. "चारचौघांत नाक कापतेस माझं?"

दमयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते पुसलं नाही, मानही खाली घातली नाही. "अण्णा, मी सोमवार धरते तेव्हा तुम्हीच सांगता ना, उद्यापनापर्यंत निभेल असं वाटलं तरच संकल्पाचं पळीभर पाणी सोड, नाहीतर देवाला नमस्कार पुरे. मग इथंच का घाई?"

यावर बोलला तो सुमंत. मघापासून पोह्यांची बशी त्याच्या हातात तशीच होती. कपाळावर घाम होता. आता तो घाम त्यानं रुमालानं टिपला, दोन चमचे पोहे खाल्ले आणि हसला. किती दिवसांनी कुणी त्याला असं मोकळं हसताना पाहिलं होतं.

"आत्या, रागावू नकोस. बरोबर बोलतात त्या. शिकू दे की. मी थांबेन. घाई कसली?"

"बघा, बघा!" बनूताईनं भाच्याच्या पाठीवर हात ठेवला. "असा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही."

दमयंती त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "चैत्रात माझी परीक्षा आहे. पुढच्या अक्षय्य तृतीयेला मी मोकळी. त्या दिवशी या. सुपारी नको नि काही नको, सरळ अक्षता घेऊनच या. मी उभी राहीन. हा माझा शब्द, सगळ्यांसमोर."

सुमंतनं बशी खाली ठेवली.

"येऊ की. म्हणजे... पंचांग बघून..."

"अक्षय्य तृतीयेला पंचांग लागत नाही."

"तसं नव्हे. शाळा असते, लढाईचं काय होतंय... वर्षभर पुढचं आत्ताच कसं सांगायचं?"

"बरं. मग तुम्हाला जमेल तो दिवस तुम्ही सांगा. त्यानंतरचा कुठलाही."

"बघू ना. कळवतो."

"नाही म्हणायचं असेल तर तेही म्हणा. मी रुसणार नाही. दुसरीकडं बघायला तुम्ही मोकळे."

"छे, छे! नाही असं कुठं म्हणतोय मी?"

"मग हो म्हणा."

सुमंतच्या कपाळावर पुन्हा घाम फुटला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं तोंड उघडलं, दमयंतीकडे बघितलं, आणि त्या बघण्यात माया होती, ती सगळ्यांना दिसली. पण शब्द काही आला नाही. बनूताई भाच्याकडे पाहू लागली. जणू त्याचा चेहरा ती आज पहिल्यांदाच बघत होती.

"उठा," ती शेवटी म्हणाली. "उन्हं चढतायत."

गल्लीत बाया साखरेची वाट बघत उभ्या होत्या. शेजारच्या मालनबाई पुढं झाल्या. "काय हो, मोडलं? कुणी नाही म्हटलं?"

सुमंतनं टोपी सारखी केली. "नाही असं कुणीच म्हटलं नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "त्यांची तयारी नाही."

"अरेरे!" मालनबाईंना खरंच वाईट वाटलं. "एवढा भला माणूस दारात येतो, आणि हिची तयारी नाही! भित्री कुठली."

दमयंती दवाखान्याची पिशवी घेऊन पायरी उतरत होती. तिथल्या कामाची तिची पाळी होती, नगरपर्यंत चालत जायचं होतं. मागून दत्तोपंत चिडून म्हणाले, "आता लोकांना काय सांगू मी?"

"हे म्हणाले तेच सांगा, अण्णा. माझी तयारी नाही. खरं आहे ते." आणि ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी मोठ्यानं म्हणाली, "अक्षय्य तृतीयेपर्यंत नाही, मालनकाकू! यांची कधी होणार, तेवढं तुम्ही विचारून ठेवा."

आणि ती नगरच्या रस्त्याला लागली.

मालनबाई भाबड्या. त्यांनी खरंच विचारलं.

सुमंत खाली वाकला आणि वहाणेचा अंगठा नीट करू लागला. अंगठा धड होता. तरी तो बराच वेळ वाकून राहिला.