मूलू मूलू गामलू

"मास्क काढू नको गं चिमणे, दहाच मिनिटं," आई तिसऱ्यांदा म्हणाली. दोन वर्षांच्या लेकीची छाती भरली होती आणि वाफेचं मशीन सुरू झालं की ती किंचाळायची.

आईने गाणं रचलं. "टिक्कड खट्टक टाकडम!" ट आणि क ऐकून लेक नाचायलाच लागली. मास्क जमिनीवर.

मग आईने टणक अक्षरं काढून टाकली. ओठांत घोळणारा म ठेवला, ल ठेवला आणि लांबलचक ऊ.

मूलू मूलू
गामलू
लूमू लूमू
नामलू

अर्थ काहीच नव्हता. पण चाल खाली खाली उतरायची आणि शेवटी तेच मलू यायचं. लेक निवली. पुढच्या फेरीत आईने शेवटचा शब्द मुद्दाम गाळला. मास्कमधून आवाज आला, "मलू."

तीन रात्रींचं जागरण. गाता गाताच आईची मान कलली. गाणं थांबलं. मशीन गुरगुरत राहिलं.

लेक रडली नाही. मास्क तसाच ठेवून तिने आईच्या गालावर हात ठेवला.

लूमू लूमू
आईमलू